विश्लेषण : कधी पास, कधी नापास... सॉफ्टवेअरमधील ‘लहरी’ चाचण्यांची हजेरी कशी घेतली जाते?

मोझिला ही संस्था फायरफॉक्स ब्राउझर तयार करते. तिथे एखाद्या अभियंत्याने कोडमध्ये बदल केला की तो अनेक प्रकारच्या संगणकांवर आपोआप तपासला जातो. निकाल पडद्यावर रंगांत उमटतात. हिरवा म्हणजे चाचणी पास, लाल म्हणजे कोडची बांधणीच फसली आणि नारिंगी म्हणजे बांधणी झाली, पण एखादी चाचणी नापास झाली. या नारिंगी ठिपक्यांपैकी बऱ्याच ठिपक्यांशी नव्या बदलाचा काही संबंधच नसतो. तीच चाचणी, त्याच कोडवर पुन्हा चालवली की हिरवी होते. अशा चाचण्यांना सॉफ्टवेअरच्या व्यवसायात ‘फ्लेकी टेस्ट’ म्हणतात. मराठीत त्यांना लहरी चाचण्या म्हणायला हरकत नाही. या चाचण्यांची मोजदाद कशी होते, कोणती आधी दुरुस्त करायची हे कसे ठरते आणि त्या हिशेबात चूक कुठे होते, याविषयी.

चाचणी लहरी का होते?

समजा, लॉगिनचे बटण दाबल्यावर स्वागताचे पान येते की नाही, हे एक चाचणी तपासते. लिहिणाऱ्याने बटण दाबल्यावर दोन सेकंद थांबायचे आणि मग पान शोधायचे, असे ठरवले. त्याच्या लॅपटॉपवर पान अर्ध्या सेकंदात येते, त्यामुळे चाचणी नेहमी पास होते. पण तीच चाचणी जेव्हा सर्व्हरवर आणखी दहा कामांच्या गर्दीत चालते, तेव्हा एखाद्या वेळी पानाला सव्वादोन सेकंद लागतात. चाचणी नापास होते. लॉगिन व्यवस्थित चालू असते, फक्त चाचणीने घाई केलेली असते.

हे उदाहरण मुद्दाम निवडले आहे, कारण हाच प्रकार सर्वाधिक आढळतो. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये अपाचे फाउंडेशनच्या ५१ प्रकल्पांमधील अशा दुरुस्त्यांचा अभ्यास केला. त्यात सुमारे ४५ टक्के प्रकरणांचे मूळ हेच होते : दुसरे काम पुरे होण्याची नीट वाट न पाहणे. त्याखालोखाल एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांची आपसातली शर्यत आणि आधीच्या चाचणीने मागे ठेवलेल्या पसाऱ्यावर अवलंबून असणे, ही कारणे होती. मोझिलाच्या एका चाचणी-संचात तर ठरावीक वेळ थांबण्याची सोय सहजासहजी मिळतच नाही. ती हवी असेल तर लिहिणाऱ्याला `SimpleTest.requestFlakyTimeout` असे लिहून त्यापुढे कारण द्यावे लागते. म्हणजे ‘मी लहरीपणाची परवानगी मागतो आहे’ अशी लेखी कबुलीच. ही युक्ती इतरांनीही उचलावी अशी आहे.

शेकड्यात एखादीच नापास होते, मग बिघडते काय?

बिघडते ते बेरजेमुळे. एक चाचणी हजारात एकदाच विनाकारण नापास होते असे धरू. एकटीचा विचार केला तर हे प्रमाण नगण्य वाटते. पण प्रकल्पात अशा हजार चाचण्या असतील, तर एका फेरीत सगळ्या पास होण्याची शक्यता जेमतेम ३७ टक्के उरते. म्हणजे कोडमध्ये काहीही चूक नसताना तीनपैकी जवळजवळ दोन फेऱ्या नापास ठरतील.

गुगलने २०१६ मध्ये स्वतःचे आकडे जाहीर केले होते. त्यांच्या सुमारे १६ टक्के चाचण्यांमध्ये कमी-अधिक लहरीपणा होता. त्याहून बोलका आकडा दुसरा होता. आधी पास होणारी चाचणी अचानक नापास झाल्याच्या घटनांपैकी ८४ टक्के घटनांत लहरी चाचणीचा हात होता. अशा ठिकाणी काम करणारा माणूस काय शिकतो? नापासाचा शेरा दिसला की कारण न शोधता ‘पुन्हा चालवा’चे बटण दाबायला. पुण्यातल्या असोत वा बंगळूरुच्या, अनेक टीममध्ये ही सवय हाडीमाशी खिळलेली दिसते. धोका असा की खरा दोष आला तरी बोट त्याच बटणावर जाते.

तिकीट काढल्याने काय साधते?

बटण दाबून फेरी हिरवी केली, की आधी काय झाले होते याची आठवण पुसली जाते. मंगळवारी एकाला त्रास झाला, गुरुवारी दुसरीला झाला. दोघांनीही फेरी पुन्हा चालवली आणि पुढच्या कामाला लागले. ही एकच चाचणी आठवड्यात बारा जणांना अडवते आहे, हे कुणालाच कळत नाही. तिकिटाचा पहिला उपयोग हा की या विखुरलेल्या घटना एका क्रमांकाखाली जमा होतात.

मोझिलात हे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. सगळ्या फेऱ्यांचे निकाल ‘ट्रीहर्डर’ नावाच्या पडद्यावर दिसतात आणि ‘शेरिफ’ म्हणून ओळखली जाणारी माणसे त्यावर नजर ठेवतात. नारिंगी ठिपका दिसला की शेरिफ त्याची नोंद उघडून नापासाची ओळ वाचतात. तशाच मजकुराची जुनी तिकिटे ‘बगझिला’ या नोंदवहीत असतील तर ट्रीहर्डर ती सुचवतो. जुळणारे तिकीट सापडले तर हा ठिपका त्या तिकिटाला जोडला जातो. सापडले नाही तर नवे काढले जाते. त्याच्या शीर्षकाची सुरुवात `Intermittent` या शब्दाने होते आणि पुढे चाचणीचे नाव व नापासाची ओळ येते. आणि ठिपका लहरी नसून नव्या बदलामुळेच आला असेल, तर शेरिफ तो बदल मागे घेतात. थोडक्यात, प्रत्येक नारिंगी ठिपक्याला ‘हा कुणाचा?’ हा प्रश्न विचारला जातो आणि उत्तर लिहून ठेवले जाते.

मोजणी मात्र माणसे करत नाहीत. एक स्वयंचलित खाते आठवड्याचा हिशेब करून प्रत्येक तिकिटावर शेरा टाकते. त्याचा साचा असा असतो (आकडे नमुन्यादाखल) :

```
36 failures in 900 pushes (0.04 failures/push) were
associated with this bug in the last 7 days.
```

म्हणजे गेल्या सात दिवसांत कोडमध्ये ९०० वेळा बदल ढकलले गेले आणि त्यात या तिकिटाच्या नावावर ३६ नापास जमा झाले. खाली कोणत्या प्रकारच्या संगणकावर किती, याची फोड असते. जास्त उपद्रवी तिकिटांच्या शेऱ्यात या आठवड्यातील त्यांचा क्रमांकही येतो. ‘या आठवड्यात तुमची चाचणी बाराव्या क्रमांकावर’ असे वाचल्यावर त्या विभागाच्या प्रमुखाला दुर्लक्ष करणे जड जाते.

कंसातला भागाकार फालतू वाटेल, पण तो फार कामाचा आहे. नाताळच्या आठवड्यात निम्मे लोक रजेवर असतात, बदल कमी येतात आणि म्हणून नापासही घटतात. फक्त ३६ वरून १८ झालेले पाहिले तर चाचणी सुधारली असे वाटेल. दर ०.०४ वरच अडला असेल तर काहीही सुधारलेले नाही.

क्रमवारी कशावर लावायची?

इथे बहुतेकांची पहिली चूक होते. ‘कोणती चाचणी सर्वाधिक टक्के वेळा नापास होते’ यावर यादी लावली जाते. एका काल्पनिक टीमचे उदाहरण घेऊ. तिथे रोज ६० बदल येतात, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात ३००. प्रत्येक बदल आठ प्रकारच्या यंत्रणांवर तपासला जातो.

पहिली चाचणी अहवाल निर्यात करण्याची. ती दर चार वेळांत एकदा नापास होते. टक्केवारीत पाहिले तर सर्वांत वाईट. पण ती दिवसातून एकदाच, रात्री चालते. आठवड्यात फार तर दोनदा नापास होईल आणि तेव्हा तिच्यासाठी कुणी खोळंबलेले नसेल.

दुसरी आपली लॉगिनची चाचणी. ती दोनशेत एकदाच नापास होते. टक्केवारीच्या यादीत ती तळाला जाईल. पण ती प्रत्येक बदलावर, आठही यंत्रणांवर चालते. ३०० गुणिले ८, म्हणजे आठवड्याला २,४०० वेळा. त्यातून १२ नापास निघतात आणि प्रत्येक वेळी कुणाचा तरी बदल दारात अडतो. नोंद वाचायला दहा मिनिटे आणि फेरी पुन्हा चालायला चाळीस मिनिटे धरली, तर आठवड्याला माणसांचे दोन तास आणि खोळंब्याचे आठ तास एकट्या या चाचणीपायी जातात. आधी दुरुस्त करायची ती हीच.

तिसरी चाचणी अवघड प्रश्न उभा करते. शोधपेटीची ही चाचणी पन्नासात एकदा नापास होते आणि तीही आठवड्याला २,४०० वेळा चालते. म्हणजे ४८ नापास. पण टीमने तिला ‘नापास झालीस तर लगेच एकदा पुन्हा चाल’ अशी सवलत दिली आहे. दोन्ही वेळा नापास होण्याची शक्यता अडीच हजारात एक, म्हणून बदल अडतो तो आठवड्यातून जेमतेम एकदा. क्रमवारी अडथळ्यांवर लावली तर ती खाली जाते, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. पण ४८ हा आकडाही तिच्या तिकिटावर दिसायला हवा. एक तर हे गणित दोन्ही प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरते. यंत्रच संथ असेल तर दुसरा प्रयत्नही त्याच संथ यंत्रावर होतो आणि तोही फसतो. शिवाय सवलतीच्या पडद्याआड ४८ चे उद्या ४०० झाले तरी कुणाला पत्ता लागणार नाही.

यातून मोजायची गोष्ट नेमकी करावी लागते. नापास किती, हे न मोजता किती बदल अडले, हे मोजायचे. लॉगिनचा सर्व्हरच एका दुपारी बंद पडला तर एकाच बदलावर आठही यंत्रणांवर चाचणी नापास होईल. नापास आठ, पण अडथळा एक. आणि त्या दुपारी इतर चाळीस चाचण्याही नापास झाल्या असतील, तर ती चाळीस तिकिटे नव्हेत. ते सर्व्हरचे एक तिकीट आहे. अशा घटना वेगळ्या काढल्या नाहीत तर निष्पाप चाचण्या यादीच्या डोक्यावर येऊन बसतात आणि अभियंता दोन दिवस नसलेला दोष शोधत राहतो.

यादी लागली, पण दुरुस्ती कुणीच केली नाही तर?

असेच होते. तिकिटाची यादी म्हणजे दुरुस्ती नव्हे. ज्याने चाचणी लिहिली तो दुसऱ्या टीममध्ये गेलेला असतो आणि नव्या लोकांना नवे काम असते. म्हणून मोझिलाने ‘स्टॉकवेल’ नावाच्या उपक्रमात आकड्यांना परिणाम जोडले. आठवड्यात ३० किंवा अधिक नापास जमा झाले, की तिकिटावर ‘काम हवे’ अशी खूण लागते आणि संबंधित विभागाकडे विचारणा होते. २१ दिवसांत १५० चा आकडा ओलांडला तर शेरा आणखी कडक होतो : दुरुस्त होईपर्यंत चाचणी बंद करा.

बंद करणे म्हणजे चाचणी पुसून टाकणे नव्हे. चाचण्यांच्या यादीच्या फाइलमध्ये ती कुठे चालवू नये याची अट लिहिली जाते. उदाहरणार्थ :

```
["browser_login.js"]
skip-if = ["os == 'linux' && debug"] # Bug 0000000
```

म्हणजे ही चाचणी लिनक्सच्या डीबग आवृत्तीवर वगळा, इतरत्र चालू ठेवा. तिकिटावरची फोड इथे उपयोगी पडते. ३६ पैकी ३४ नापास एकाच प्रकारच्या यंत्रणेवर असतील, तर तेवढीच खिडकी बंद करून बाकीची राखण कायम ठेवता येते. ओळीच्या शेवटी तिकिटाचा क्रमांक असतो. तो नसेल तर दोन वर्षांनी ही अट का घातली, हे सांगायला कुणी उरत नाही.

चाचणी बंद करण्याला विरोध होतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. बंद चाचणी काहीच राखत नाही. पण जिच्या निकालावर कुणाचाच विश्वास नाही ती चाचणीही फारसे काही राखत नसते, उलट शेजारच्या प्रामाणिक चाचण्यांचीही पत घालवते.

हा हिशेब कुठे फसतो?

सर्वांत मोठी फसगत जोडणीत होते. ‘वेळ संपली’ ही नापासाची ओळ शंभर वेगळ्या कारणांनी येऊ शकते. तेवढ्या साम्यावर नवा नापास जुन्या तिकिटाला जोडला, तर खरा दोष ‘नेहमीचेच आहे’ या पांघरुणाखाली लपतो. हे ओळखायचे कसे? तिकिटाचा वेग पाहून. आठवड्याला १२ चा दर महिनोन् महिने टिकवणारी चाचणी एका बुधवारपासून ५० वर गेली, तर ती आपोआप अधिक लहरी झालेली नाही. त्या बुधवारी कोडमध्ये काहीतरी आले आहे. त्या दिवसाच्या आधीचे आणि नंतरचे बदल प्रत्येकी वीस-तीस वेळा पुन्हा चालवून पाहिले, की कोणत्या बदलापासून दर चढला ते बऱ्याचदा सापडते.

दुसरी अडचण तिकिटाच्या आकाराची. नापासाच्या प्रत्येक वेगळ्या ओळीला वेगळे तिकीट काढले, तर एकच चाचणी पाच तिकिटांत विभागली जाते. प्रत्येकावर सहा-सहा नापास, आणि एकही तीसच्या उंबरठ्याला पोहोचत नाही. मोझिलाने पुढे यासाठी एका चाचणी-फाइलला एकच सामायिक तिकीट ठेवण्याची पद्धत आणली. त्याने मोजणी सुधारते. मात्र एकाच तिकिटात दोन भिन्न दोष मिसळण्याची शक्यता वाढते, त्यामुळे दुरुस्तीला बसणाऱ्याने नापासाच्या ओळी वेगवेगळ्या करूनच सुरुवात करावी लागते.

आणि कधी कधी चाचणी लहरी नसतेच. सॉफ्टवेअरच लहरी असते. दोन कामांची शर्यत खुद्द ब्राउझरमध्ये असेल, तर वापरणाऱ्यालाही हजारात एकदा तोच फटका बसतो. म्हणून तिकिटावर ‘चाचणीचा दोष’ असा शिक्का आधीच मारणे धोक्याचे. मोझिलातच जन्मलेल्या ‘आरआर’ या साधनात याकरिता २०१६ मध्ये एक खास सोय आली. `rr record --chaos` असे चालवले की ते कामांचा क्रम मुद्दाम उलटापालटा करते. त्यामुळे एरवी क्वचित दिसणारा नापास लवकर पकडीत येतो आणि एकदा नोंदला गेला की तसाच पुन्हा पुन्हा चालवून तपासता येतो.

दुरुस्त झाली, हे कधी मानायचे?

लॉगिनच्या चाचणीतून दोन सेकंदांचे थांबणे काढून ‘पान दिसेपर्यंत वाट पाहा’ असे लिहिले. दहा वेळा चालवली, दहाही वेळा पास. तिकीट बंद करायचे का? नाही. दोनशेत एकदा नापास होणारी चाचणी काहीही दुरुस्ती न करताही सलग दहा वेळा पास होण्याची शक्यता ९५ टक्के असते. म्हणजे त्या दहा हिरव्या ठिपक्यांनी जवळपास काहीच सिद्ध केलेले नाही.

यासाठी एक सोपा ठोकताळा आहे. जितक्या वेळांत एकदा नापास व्हायची, त्याच्या तिप्पट वेळा सलग पास झाली पाहिजे. इथे ६०० वेळा. जुना दोष तसाच असेल तर सलग ६०० वेळा पास होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास येते. लॉगिनची चाचणी आठवड्याला २,४०० वेळा चालतेच, त्यामुळे इतका पुरावा दीड दिवसात आपोआप जमा होतो, फक्त तेवढा वेळ तिकीट उघडे ठेवावे लागते. फायरफॉक्सच्या अभियंत्यांना `./mach test --verify` अशी आज्ञा देऊन एखादी चाचणी वेगवेगळ्या तऱ्हांनी अनेकदा चालवून पाहता येते, पण ती त्यांच्या स्वतःच्या यंत्रावर. गर्दीच्या सर्व्हरवरचा सव्वादोन सेकंदांचा उशीर तिथे दिसेलच असे नाही.

रात्री एकदाच चालणाऱ्या निर्यातीच्या चाचणीला हाच नियम लावला तर बारा रात्री थांबावे लागेल. चारात एकदा नापास होणारी चाचणी बारा रात्री सलग पास झाली, की तिकीट मिटवता येते. आणि जी तिकिटे कुणी दुरुस्त केली नाहीत, पण ज्यांच्यावर कित्येक आठवडे एकही नापास जमा झाला नाही, ती मोझिलात ‘अपूर्ण’ असा शेरा मारून आपोआप मिटवली जातात. ‘दुरुस्त’ हा शेरा त्यांना मिळत नाही. तोच नापास पुन्हा दिसला, तर शेरिफ तिकीट पुन्हा उघडतात.